18 फेब्रुवारीची चौकशी, 27 मार्चचं उत्तर: पहिल्या चार वाक्यांचं प्रकरण

हिंगोली जिल्ह्यातली हळदीची एक शेतकरी उत्पादक कंपनी. ऑफिसात दोनच माणसं: पत्रव्यवहार बघणाऱ्या व्यवस्थापक ताई आणि हिशेब बघणारे मुनीम. अध्यक्ष शेतावरून येऊन-जाऊन असतात. पुण्याच्या एका मसाला कारखान्यातल्या खरेदी विभागाच्या मॅडमनी 18 फेब्रुवारीला मेल पाठवला. त्याचं उत्तर लिहायला ताई बसल्या त्या 27 मार्चला. मधे 37 दिवस गेले. इतक्या उशिरा द्यायच्या उत्तराची सुरुवात कशी करायची, ते या प्रकरणातून बघू. (प्रकरण समजायला सोपं जावं म्हणून माणसं, तारखा आणि दर उदाहरणापुरते धरले आहेत. हळदीच्या हंगामाचं वेळापत्रक मात्र खरं तेच आहे, कारण सगळी गोम तिथेच आहे.)

मूळ मेल असा होता. विषय: "हळकुंड चौकशी".

> नमस्कार, आम्हाला दळणासाठी 5 टन सेलम हळकुंडं हवी आहेत. सध्या आपल्याकडे साठ्यात असलेल्या मालाबद्दल विचारते.
> 1) डबल पॉलिश करून मिळेल का?
> 2) ओलावा 10 टक्क्यांच्या आत आहे का? कुरकुमीनचा प्रयोगशाळेचा अहवाल मिळेल का?
> 3) 50 किलोच्या पोत्यात, पुणे पोच काय दर पडेल?
> 4) अर्धा किलो नमुना कुरियरने पाठवाल का?

यातल्या पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर 19 फेब्रुवारीलाच देता आलं असतं. अडलं ते अहवालापाशी. अहवाल हाती आला की सगळं एकदमच लिहू, असं ठरलं. तेवढ्यात हळद काढणी, शिजवणी, वाळवणी सुरू झाली आणि मेल खाली खाली सरकत गेला. उशिरा गेलेल्या बहुतेक उत्तरांची जन्मकथा हीच असते. एका तुकड्याची वाट बघताना बाकीचे तयार तुकडेही अडकून पडतात.

पहिला मसुदा ताईंनी असा लिहिला:

> महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, आपला ई-मेल प्राप्त झाला. हंगामाच्या गडबडीमुळे उत्तरास विलंब झाला, त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करते. आपण विचारल्याप्रमाणे माल उपलब्ध आहे. पॉलिश होईल. अहवाल सोबत जोडला आहे. दुसऱ्या मुद्द्यातील उर्वरित बाबीबाबत फोनवर बोलावे.

भाषा शुद्ध आहे, आदर आहे, खोटं एकही वाक्य नाही. तरीही हा मेल गेला असता तर नुकसान झालं असतं. कसं, ते वाचणाऱ्याच्या बाजूने बघू.

मॅडमच्या फोनवर मेल येतो तेव्हा आधी दिसतं पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि मजकुराचे सुरुवातीचे काही शब्द. इथे विषय दिसणार "Re: हळकुंड चौकशी" आणि पुढे "महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात". हंगामाच्या तोंडावर खरेदी विभागाने हळकुंडांची चौकशी पाच-सात ठिकाणी तरी केलेली असते. यातली ही कोणती, हे त्या शब्दांतून कळायला मार्ग नाही. मेल उघडला तरी त्यांनी स्वतः लिहिलेला जुना मजकूर लगेच समोर येत नाही. जीमेल तो तीन ठिपक्यांच्या मागे दडवून ठेवतं. प्रवासात, एका हाताने फोन धरून कुणी ते ठिपके दाबत बसत नाही. मेल "नंतर बघू"मध्ये जातो, आणि 37 दिवस उशिरा आलेल्या उत्तराला आणखी उशीर होतो.

"उपरोक्त विषयास अनुसरून" ही सवय येते कुठून, हे समजून घेतलं तर ती सोडणं सोपं जातं. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या कचेरीशी ज्यांचा पत्रव्यवहार असतो त्यांच्या हाताला विषय, संदर्भ, महोदय हा साचा बसलेला असतो. साचा वाईट नाही. कागदी पत्रात वर "संदर्भ: आपले पत्र क्र. अमुक, दि. अमुक" असं लिहिलं की घेणाऱ्या कचेरीतला लिपिक आवक-जावक नोंदवहीत तो क्रमांक शोधतो, कपाटातून फाइल काढतो, जुनं पत्र आणि नवं पत्र एकावर एक लावतो आणि मग साहेबांच्या टेबलावर ठेवतो. म्हणजे विस्मरणाचा इलाज तिथे होता, तो लिपिक करत होता. मेलमध्ये तो लिपिक नाही. फाइल शोधून वर लावायचं काम आता लिहिणाऱ्याच्या पहिल्या वाक्याला करावं लागतं. साचा उचलला आणि लिपिक विसरला, की "उपरोक्त" हा शब्द हवेत बोट दाखवतो.

"आपण विचारल्याप्रमाणे" आणि "दुसऱ्या मुद्द्यातील" यांचा दोष तोच. काय विचारलं होतं, दुसरा मुद्दा कोणता, हे मॅडमच्या डोक्यात 18 तारखेला होतं. आता तिथे इतर पन्नास गोष्टी आहेत. असा शब्दप्रयोग वाचणाऱ्यालाच कामाला लावतो, आणि तेही उशीर आपण केलेला असताना.

पण या मसुद्यातला सगळ्यात धोक्याचा शब्द वेगळाच आहे. तो म्हणजे "माल".

मॅडमनी 18 फेब्रुवारीला "साठ्यात असलेल्या मालाबद्दल" विचारलं होतं. त्या दिवशी गोदामात होती ती मागच्या हंगामातली हळद. मार्च संपत आला तोवर ती विकली गेली. गोदामाबाहेर ताडपत्रीवर वाळत पडली होती ती यंदाची. शिजवल्यावर हळद उन्हात साधारण 10 ते 15 दिवस वाळते, मग पॉलिशच्या ड्रममध्ये जाते. "माल उपलब्ध आहे" हे वाक्य दोन्ही दिवशी खरं होतं, पण दोन वेगळ्या मालांबद्दल. आणि जोडलेला अहवाल जुन्या मालाच्या नमुन्याचा होता. मॅडमनी तो वाचून ऑर्डर दिली असती, नवा माल पुण्यात उतरला असता, तिथल्या तपासणीत आकडा वेगळा आला असता, तर गाडी परत पाठवायची वेळ आली असती. फसवण्याचा हेतू कुणाचाच नव्हता. जुन्या प्रश्नाला आजचं उत्तर दिलं, आणि प्रश्न बदललाय हे सांगायचं राहिलं, एवढंच.

लोक समजतात की जुन्या मेलला उत्तर देताना फक्त समोरच्याची आठवण पुसट झालेली असते. लिहिणाऱ्याचीही झालेली असते. ताईंना मेलचा गोषवारा आठवत होता: हळद, 5 टन, पॉलिश, अहवाल. "साठ्यात असलेल्या" हे शब्द आठवत नव्हते. म्हणून सुरुवात लिहिण्याआधी दोन कामं करावीच लागतात, आणि दोन्ही मिळून दहा मिनिटांची आहेत.

पहिलं, मूळ मेल तीन ठिपके उघडून शेवटपर्यंत वाचायचा, खालच्या सहीसकट. सहीत पद आणि फोन नंबर असतो, आणि सोबत आणखी कुणाला मेल गेला होता ते वर दिसतं. वाचता वाचता समोरच्याने वापरलेले नेमके शब्द कागदावर उतरवून घ्यायचे. त्यांनी "हळकुंडं" लिहिलं असेल तर आपण "हळद" लिहायचं नाही. त्यांच्या शोधात त्यांचाच शब्द सापडणार आहे.

दुसरं, मधल्या काळात आपल्याकडून काही गेलंय का ते बघायचं. जीमेलच्या शोधपट्टीत असं टाकलं की त्या पत्त्यावर आपण पाठवलेले सगळे मेल समोर येतात:

```
in:sent to:kharedi@example.com
```

पत्त्याच्या जागी समोरच्याचा खरा पत्ता टाकायचा. मेलमध्ये काही सापडलं नाही म्हणून थांबायचं नाही. ऑफिसातल्या प्रत्येकाला विचारायचं, कारण आपल्याकडे अर्धा धंदा व्हॉट्सॲपवर चालतो. इथेही तसंच निघालं. मुनीम म्हणाले, "अहो ताई, मी फोटो टाकले होते ना त्या मॅडमला." 21 फेब्रुवारीला त्यांनी मॅडमच्या नंबरवर हळकुंडांचे दोन फोटो पाठवले होते. अर्थातच जुन्या मालाचे. म्हणजे मॅडमच्या फोनमध्ये आपल्या बाजूने आलेली एकच गोष्ट होती, आणि ती आता चुकीची झाली होती. सुरुवातीत तिचा उल्लेख आल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

अध्यक्षांचं म्हणणं पडलं, "महिना झाला ताई, आता मेल कायला, फोनच लावा की." सल्ला चांगला आहे, आणि एवढ्या उशिरानंतर आधी फोन करणं माणुसकीलाही धरून आहे. पण दर, पोच, तारीख या गोष्टी फोनवर ठरल्या तरी लिहून पाठवाव्याच लागतात. तेव्हा "आज फोनवर बोलल्याप्रमाणे" एवढ्यावर भागवलं तर तेच दुखणं परत येतं. फोनवर काय बोलणं झालं ते एका वाक्यात लिहायचं, कारण तो मेल आणखी तीन आठवड्यांनी कुणीतरी उघडणार आहे. या प्रकरणात फोन लागला नाही, म्हणून मेल.

दुसऱ्या मसुद्यात ताईंनी उलट टोक गाठलं. "सर्वप्रथम उत्तरास झालेल्या अक्षम्य विलंबाबद्दल मनःपूर्वक क्षमा मागते" इथून सुरुवात करून शिजवणीचा हंगाम, लाइट जाणं, मजुरांची अडचण, प्रयोगशाळेकडून अहवाल यायला लागलेला वेळ असं सात ओळी लिहिलं. प्रत्येक कारण खरं होतं. पण या सात ओळींत मॅडमना त्यांच्या 5 टनांबद्दल काहीच कळत नाही, आणि वाचून झाल्यावर "काही हरकत नाही, समजू शकते" असं लिहायची जबाबदारी उलट त्यांच्यावर येते. दिलगिरी एका वाक्यात, स्वतःकडे चूक घेऊन, आणि ओळख पटवणाऱ्या वाक्यानंतर. आधी नको, कारण समोरच्याला कसला उशीर हेच आठवत नसेल तर माफी कशाबद्दल ते कळत नाही. कारण फक्त तेव्हाच द्यायचं जेव्हा त्याचा समोरच्याच्या निर्णयाशी संबंध असतो. इथे अहवालाचं कारण संबंधित आहे, लाइटचं नाही. आणि अहवालाचं कारणही सुरुवातीत नको. खाली, अहवालाच्या उत्तरात त्याची जागा आहे.

शेवटी गेला तो मेल असा सुरू होतो:

> नमस्कार मॅडम,
>
> 18 फेब्रुवारीला आपण दळणासाठी 5 टन सेलम हळकुंडांची चौकशी केली होती: डबल पॉलिश, 50 किलोची पोती, पुणे पोच. उत्तर द्यायला महिन्याहून जास्त वेळ लागला, ही चूक आमची आहे, क्षमस्व. तेव्हा साठ्यात असलेला मागच्या हंगामाचा माल आता संपला आहे (21 फेब्रुवारीला व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो त्याच मालाचे होते), यंदाच्या नव्या मालातून 5 टन 10 एप्रिलनंतर देता येतील. आपली गरज अजून आहे का, एवढं कळवलं तरी पुरे; असेल तर आपल्या चारही प्रश्नांची उत्तरं खाली देत आहे.

चार वाक्यं. पहिलं वाक्य लिपिकाचं काम करतं: तारीख, कशासाठी, किती, काय. सूचनेत दिसणाऱ्या शब्दांत "18 फेब्रुवारीला आपण दळणासाठी" येतं, म्हणजे मेल न उघडताही ओळख पटायला सुरुवात होते. तारीख आकड्यातच हवी. "मागच्या महिन्यात" लिहिलं आणि मॅडमनी मेल 2 एप्रिलला उघडला तर मागचा महिना मार्च होतो. प्रश्नांची यादी मात्र पूर्ण उतरवलेली नाही. ओळख पटण्यापुरतं तीन-चार खुणेचे शब्द पुरतात. सगळा मेल परत सांगितला तर सुरुवातच लांबते.

तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि उशिरा लिहिलेल्या उत्तरांत बहुधा तेच गायब असतं: तेव्हापासून काय बदललं. मूळ प्रश्न ज्या परिस्थितीवर उभा होता ती परिस्थिती राहिली नसेल, तर ते उत्तराच्या आधी सांगायचं. उत्तराच्या मधे कुठेतरी आलं तर वाचणारा तोवर जुन्याच चित्रात उत्तर बसवून मोकळा झालेला असतो.

चौथं वाक्य मॅडमना सोपी वाट देतं. एवढ्या दिवसांत त्यांनी दुसरीकडून माल घेतला असण्याची शक्यता मोठी आहे. "आपल्या ऑर्डरच्या प्रतीक्षेत" असं लिहिलं की नाही म्हणायला अवघड जातं, आणि अवघड गेलं की माणूस उत्तरच देत नाही. "गरज अजून आहे का" या प्रश्नाला "नाही, यंदाचं झालं" असं एका ओळीत उत्तर देता येतं. कंपनीलाही तेच हवं असतं, म्हणजे ते 5 टन दुसऱ्या गिऱ्हाइकाला मोकळे होतात.

खालची उत्तरं देताना प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला प्रश्नातला शब्द घेतला: "डबल पॉलिश: हो, करून देऊ." "ओलावा: नवा माल अजून वाळतोय, म्हणून आकडा आज देता येत नाही, पोती भरण्याआधी मोजून कळवू." "कुरकुमीन: आमच्याकडे आलेला अहवाल जुन्या मालाचा आहे, तो पाठवत नाही, त्याचीच वाट बघत उत्तर राहिलं. नव्या मालाचा नमुना तपासायला देत आहोत." "दर: 13,800 रुपये क्विंटल, पुणे पोच, 31 मार्चपर्यंत." "नमुना: आपली गरज कळली की माल वाळल्यावर अर्धा किलो कुरियरने पाठवू." दरापुढची मुदत सोडायची नाही. उशिराने चाललेल्या पत्रव्यवहारात समोरूनही उशीर होऊ शकतो, आणि मुदत नसलेला दर तीन आठवड्यांनी आपल्याच गळ्यात येतो.

पाठवण्याआधी सुरुवातीची चार वाक्यं मुनीमांना फोनवर वाचायला दिली. त्यांनी मूळ मेल पाहिलेला नव्हता, फक्त फोटो टाकले होते. विचारलं: कुणी काय मागितलं होतं, आता काय मिळणार, आणि मॅडमनी काय करायचं? तिन्हींची उत्तरं त्यांना देता आली. दुसऱ्या मसुद्याच्या वेळी त्यांनी वाचून विचारलं होतं, "कोन्ता माल म्हणता, जुना का नवा?" तो प्रश्न आला म्हणूनच तिसरं वाक्य जन्माला आलं. ज्याला संदर्भ माहीत नाही असा एक वाचक ऑफिसात जवळजवळ नेहमी असतो.

विषयाची ओळ बदलायची का, हा प्रश्न हमखास येतो. जीमेलमध्ये उत्तर देताना विषय बदलला की ते वेगळं संभाषण म्हणून सुरू होतं आणि जुना मेल त्याच्यासोबत दिसत नाही. म्हणून महिना-दीड महिन्याच्या उशिराला "Re: हळकुंड चौकशी" तसाच ठेवणं बरं, ओळख पटवण्याचं काम पहिलं वाक्य करतंय. तीन महिने उलटले असतील तर मात्र जुन्या धाग्याचा फारसा उपयोग राहत नाही. तेव्हा नवा मेल, "सेलम हळकुंडं 5 टन: 18 फेब्रुवारीच्या चौकशीचं उत्तर" असा विषय, आणि खाली मूळ मजकूर चिकटवून. उलट उशीर दोन-तीन दिवसांचाच असेल तर यातलं काही करू नये. परवाच्या मेलचा गोषवारा परत सांगितला तर वाचणाऱ्याला आपण विसराळू समजले गेलो असं वाटतं. आठवडाभरानंतर अर्धं वाक्य पुरतं: "5 टन हळकुंडांबद्दल आपण विचारलं होतं, त्यावर:".

एका ठिकाणी मात्र हात आखडता घ्यायचा. मूळ मेल सोबत इतर कुणाला गेला असेल, उदाहरणार्थ एखाद्या दलालाला किंवा वाहतूकदाराला, आणि आपण सगळ्यांना उत्तर देत असू, तर गोषवाऱ्यात काय उघड होतंय ते बघायचं. मागणीचं प्रमाण सगळ्यांना माहीत असतं. जुन्या बोलण्यातला दर किंवा सवलत बहुधा नसते. ती ओळख पटवायला कितीही सोयीची असली तरी पहिल्या वाक्यात घ्यायची नाही.

आणि मॅडम त्या जागेवर नसल्या तर? महिन्याभरात बदली होते, माणूस नोकरी सोडतो, खरेदीचा पत्ता तोच राहतो आणि मेल दुसऱ्याच व्यक्तीच्या हाती पडतो. वरची सुरुवात त्या व्यक्तीलाही कळते, कारण तिच्यात आठवणीवर काहीच सोडलेलं नाही. फक्त "आपण चौकशी केली होती" हे जागेवर नसलेल्या माणसाबद्दल होतं. बदलीची कुणकुण आधी लागली असेल, किंवा "आता या पत्त्यावर लिहा" असं आपोआप उत्तर आलं असेल, तर तेवढंच बदलायचं: "18 फेब्रुवारीला आपल्या खरेदी विभागाकडून चौकशी आली होती". बाकी वाक्यं तशीच राहतात, आणि खाली मूळ मेल पूर्ण जोडायचा, कारण नव्या व्यक्तीच्या पेटीत तो असेलच असं नाही.